उस्तादांचा दोन पानी मेल

तेजपूरला नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य बुडतो. रोलकॉल उरकून बराकीत आलो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता आणि फोनवर उस्तादांचे तीन मिसकॉल. उस्ताद म्हणजे माझे पहिले सेक्शन कमांडर. हवालदार म्हणून रिटायर झाले, आता माण तालुक्यात शेती बघतात. मला रायफल धरायला त्यांनी शिकवलं, पण मी नायब सुभेदार झाल्यापासून मला ‘साहेब’ म्हणतात. कितीही सांगितलं तरी ऐकत नाहीत.

“साहेब, रेकॉर्ड ऑफिसला दोनदा मेल टाकला. कुणी दाद देत नाही. तुम्ही एकदा वाचून बघा, काय चुकलंय का.”

त्यांच्या लेकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. माजी सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागणार होता. तिथे कागद तपासताना कळलं की डिस्चार्ज बुकात लेकीची जन्मतारीख २१ मार्च पडली आहे. जन्मदाखला, आधार आणि दहावीचं प्रमाणपत्र, तिन्हीवर १२ मार्च. आकडे उलटे लिहिले गेले, एवढंच. पण रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्तीचं पत्र आल्याशिवाय दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय फॉर्म नाही.

मी मेल उघडला. हिंदीत, छापला तर दोन पानं भरतील एवढा. विषयाच्या जागी ‘विनंती अर्ज’. सुरुवातीला नमस्कार आणि बावीस वर्षांच्या नोकरीचा आढावा. मग पेन्शनची थकबाकी कमी मिळाल्याची तक्रार. मग गावातल्या दुसऱ्या एका माजी सैनिकाचं काम कसं महिनाभरात झालं ते. चौथ्या परिच्छेदात, मधोमध, लेकीची जन्मतारीख. त्याखाली दवाखान्याच्या कार्डावर पत्नीचा फोटो जुना असल्याची गोष्ट, फोन कुणी उचलत नाही हा राग, आणि शेवटी ‘तरी लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही व्हावी’. हा मेल एकाच वेळी सात पत्त्यांवर गेला होता.

खरं तर पहिल्या मेलला उत्तर आलं होतं. उस्तादांनी ते उत्तर मानलंच नव्हतं. एका ओळीत लिहिलं होतं, ‘आपला ईमेल पेन्शन विभागाकडे पाठवला आहे.’ ती ओळ वाचली आणि काय झालं ते माझ्या ध्यानात आलं. मी स्वतः दोन वर्षं कंपनी ऑफिसात काढली आहेत. सकाळी डाक उघडणारा माणूस प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचत नाही. त्याचं पहिलं काम असतं ते कोणत्या टेबलावर जाईल हे ठरवणं, आणि ते तो विषय आणि पहिल्या चार ओळी बघून ठरवतो. उस्तादांच्या विषयात काहीच नव्हतं आणि पहिली तक्रार पेन्शनची होती. मेल पेन्शनच्या टेबलावर गेला. तिथल्या माणसाने आपल्यापुरतं पाहिलं. जन्मतारीख ज्याने दुरुस्त करायची, त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की आपल्या माजी सैनिकांचे बरेचसे अर्ज कुणी अडवतं म्हणून अडत नाहीत. ते चुकीच्या टेबलावर जाऊन बसतात, आणि तिथे त्यांना आपणच पाठवलेलं असतं.

मी उस्तादांना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला. “उस्ताद, त्या ऑफिसातल्या माणसाने आज तुमचं एकच काम केलं आणि बाकी सगळं कचऱ्यात टाकलं, तर ते काम कोणतं असावं?”

ते थोडे गप्प राहिले. “पोरीची तारीख.”

“मग पेन्शन?”

“पेन्शन दोन महिन्यांनी झाली तरी चालेल. पोरीचा फॉर्म निघून जाईल.”

“फॉर्म कधी बंद होतोय?”

“तीस तारखेला.”

ही तीस तारीख त्या दोन पानांत कुठेच नव्हती! जे सगळ्यात निकडीचं, तेच लिहायचं राहिलं होतं. ‘लवकरात लवकर’ हे शब्द आपल्याला निकडीचे वाटतात, पण वाचणाऱ्याच्या समोरच्या प्रत्येक अर्जात तेच शब्द असतात. तारीख असते ती एखाद्याच अर्जात.

पण तीस तारीख तशीच लिहूनही भागणार नव्हतं. आम्ही दोघं कॅलेंडर घेऊन उलटे मोजत आलो. ३० नोव्हेंबर, रविवार. म्हणजे सरकारी कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, २८. सैनिक कार्यालयात चौकशी केली होती, तिथे दाखल्याला तीन दिवस लागतील असं सांगितलं होतं. म्हणून पत्र हातात घेऊन तिथे सोमवारी, २४ तारखेला सकाळी उभं राहायला हवं. एखादा कागद कमी पडला तर तो जोडायला तीन-चार दिवस राखीव. अशी आम्ही मंगळवार, १८ नोव्हेंबर ही तारीख धरली. त्या दिवशी होती ३ तारीख, म्हणजे समोरच्याला पंधरा दिवस मिळत होते. मुदत अशीच काढावी. आपल्या शेवटच्या दिवसापासून मागे यावं, आणि समोरच्याला ते काम खरोखर करता येईल एवढी जागा ठेवावी. ‘दोन दिवसांत करा’ असं लिहिलं की वाचणारा ती मुदत धरतच नाही.

मग मजकूर कापायला घेतला. प्रत्येक वाक्याला दोनच प्रश्न विचारले. हे काय करायचं ते सांगतं का? नसेल, तर ते करायला हे लागतं का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ आलं की वाक्य बाहेर. सियाचीन बाहेर गेलं, शेजाऱ्याचं काम बाहेर गेलं, फोन न उचलल्याचा राग बाहेर गेला. पेन्शन आणि कार्ड यांच्यासाठी वेगळे मेल ठरले, ज्यांचं काम त्यांच्याच नावाने. उरला तो मेल असा होता. मूळ हिंदीत, इथे मराठीत देतो:

विषय: आर्मी नंबर (…), माजी हवालदार (…) – मुलीच्या जन्मतारखेची दुरुस्ती, १८ नोव्हेंबरपर्यंत

महोदय,

माझ्या मुलीची जन्मतारीख नोंदीत २१ मार्च आहे, ती १२ मार्च अशी दुरुस्त करून दुरुस्तीचं पत्र १८ नोव्हेंबरपर्यंत या ईमेलवर पाठवावं, ही विनंती.

तिच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म ३० नोव्हेंबरला बंद होतो. त्याआधी हे पत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवायचं आहे.

सोबत जन्मदाखला, आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि डिस्चार्ज बुकाचं संबंधित पान जोडलं आहे. आणखी कागद लागत असल्यास कृपया लगेच कळवावं, मी त्याच दिवशी पाठवीन.

खाली नाव, आर्मी नंबर, मोबाईल. बस्स.

पत्त्यांचंही तसंच. आपल्या मेसेज फॉर्मवर दोन वेगळ्या जागा असतात: ‘ऍक्शन’ म्हणजे काम कोणी करायचं आणि ‘इन्फो’ म्हणजे कुणाला नुसतं कळवायचं. नोकरीत असताना आपण ही शिस्त पाळतो आणि घरी गेलो की विसरतो. सात पत्त्यांवर एकदम गेलेल्या मेलमध्ये प्रत्येकाला वाटतं की बाकीचे सहा जण बघतील. आम्ही रेकॉर्ड ऑफिसचा एकच पत्ता ठेवला आणि सैनिक कार्यालयाला फक्त प्रत दिली.

उस्तादांनी तो वाचला आणि म्हणाले, “साहेब, हे फार उद्धट वाटतंय. मोठ्या ऑफिसला असं तारीख टाकून सांगायचं?”

हा आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आपण लांब लिहितो ते बोलघेवडे आहोत म्हणून नाही. आपल्याला वाटतं, आधी आपली सेवा सांगितली नाही तर समोरचा आपल्याला मोजणार नाही. हक्काची गोष्टसुद्धा आपण उपकार मागितल्यासारखी मागतो. पण मुदतीच्या शेजारी कारण लिहिलेलं असलं की ती हुकूम राहत नाही, माहिती होते. ‘१८ पर्यंत द्या’ हे एकटं उद्धट वाटेल. ‘फॉर्म ३० ला बंद होतो’ हे पुढे आलं की वाचणाऱ्याला त्या तारखेमागची मुलगी दिसते. ‘महोदय’ आणि ‘विनंती’ हे शब्द तर आहेतच.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. काम झालं नव्हतं. ‘दोन्ही तारखा एकाच मुलीच्या आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडा,’ एवढंच लिहिलं होतं. उस्ताद वैतागले, मला मात्र बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा योग्य टेबलावरच्या माणसाने काय कमी आहे ते सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तहसीलच्या गावी जाऊन त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं आणि पाठवलं. पत्र १९ तारखेला आलं, एक दिवस उशिरा. पण आम्ही राखीव दिवस ठेवले होते. फॉर्म २७ ला भरला.

छोटा मेल म्हणजे हमखास काम, असं मी म्हणणार नाही. उत्तर आलंच नसतं तर १९ ला त्याच मेलखाली एक ओळ पाठवायची आम्ही ठरवलं होतं, आणि मग वरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार. तक्रारीचं पत्र लांब चालतं, कारण तिथे कधी काय पाठवलं आणि काय उत्तर आलं हा तारीखवार हिशोबच मागितलेला असतो. पण त्या हिशोबातही असा स्पष्ट, मुदतीचा मेल हाताशी असला की आपली बाजू उभी राहते. ‘विनंती अर्ज’ या विषयावर कुणाला जाब विचारणार?

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. जे मी कापलं, ते उस्तादांचं आयुष्य होतं. बावीस वर्षं, एक हिवाळा बर्फात, एक गमावलेला मित्र. हे त्यांनी एका अनोळखी कारकुनाला लिहिलं, कारण दुसरं कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, “उस्ताद, मी कापलेलं सगळं जपून ठेवलंय. ते रेकॉर्ड ऑफिसला नका पाठवू, मला पाठवा. मी वाचीन.”

परवा पहिला मेल आला. चांगला चार पानांचा आहे. त्याला मुदत नाही, आणि मी तो हळूहळू वाचतोय.

जय हिंद.