मुक्या जिवाचा घास : मापून, पण मायेने

बंगळूरच्या हेब्बाळ भागात 1958 साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच परिसरात आमच्या परिचयाचे एक बेळगावकर कुटुंब राहते. त्यांचा मोती हा सहा वर्षांचा लॅब्राडोर अलीकडे जिना चढताना मध्येच बसू लागला. पशुवैद्यांनी त्याला काट्यावर उभे केले, तेव्हा वजन भरले 38 किलो. बरगड्या हाताला लागत नव्हत्या व वरून पाहता कंबर दिसत नव्हती. शरीराची ठेवण पाहून त्याचे योग्य वजन 30 किलोच्या आसपास असावे, असे त्यांनी ठरविले.

“पण तो तर सदा भुकेलाच असतो,” असे आजी म्हणाल्या. येथेच बहुतेक घरे फसतात. लॅब्राडोर जातीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत भूक वाढविणारा एक आनुवंशिक दोष असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखविले. सारांश, कुत्र्याच्या डोळ्यांतील याचना हे भुकेचे माप नव्हे.

प्रथम, मोती खातो किती, हे आठ दिवस लिहून ठेवण्यात आले. घरच्यांच्या मते त्याला दोन कप, म्हणजे 200 ग्रॅम कोरडे खाद्य मिळत होते. तराजूवर ते 270 ग्रॅम भरले. त्याच्या पिशवीवर 100 ग्रॅमला 360 उष्मांक छापले होते. त्यात दोन पोळ्या आणि आठ बिस्किटे मिळविली, तेव्हा बेरीज 1,400 च्या घरात गेली.

आता हवे किती? त्याचा हिशेब आजच्या वजनावर न करता, योग्य वजनावर करावयाचा असतो. 30 ला 30 ने दोनदा गुणावे म्हणजे 27,000 येतात. त्याचे वर्गमूळ 164, आणि त्याचेही वर्गमूळ सुमारे 12.8. त्यास 70 ने गुणले की 900 च्या जवळपास उष्मांक येतात. वजन उतरविण्याचा आरंभ येथून करावा.

यातील दहावा हिस्सा, म्हणजे 90 उष्मांक, वरच्या खाऊसाठी राखून ठेवला. उरलेल्या 810 ला 3.6 ने भागले असता 225 ग्रॅम खाद्य येते. ते सकाळी एकदाच तोलून डब्यात भरावयाचे व दोन वेळा वाटून द्यावयाचे, असे ठरले. आजींचा हात मात्र कोणी अडविला नाही. त्यांच्या हातची अर्धी पोळी 60 उष्मांकांची व एक बिस्किट 25 चे, एवढे त्या हिश्श्यात सुखाने मावले. हा बदल एकदम न करता आठ-दहा दिवसांत हळूहळू केला.

तथापि नेहमीचेच खाद्य फार कमी केले, तर प्रथिने व क्षारही कमी पडतात. म्हणून पशुवैद्यांनी पुढे वजन उतरविण्यासाठी खास बनविलेले खाद्य सुचविले. त्यात 100 ग्रॅमला 300 उष्मांक होते. म्हणून तेवढ्याच 810 उष्मांकांसाठी आता 270 ग्रॅम देता येऊ लागले. भांडे पूर्वीइतकेच भरलेले दिसले आणि आजींचा जीव खाली पडला.

दर आठवड्यास शरीराच्या वजनाच्या शेकडा एक ते दोन घट सुरक्षित होय. मोतीच्या बाबतीत हे आरंभी 400 ते 750 ग्रॅम होत होते. याहून वेगाने वजन उतरले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. अशा वेळी खाणे थोडे वाढवावे. फिरणे वाढविले तेही उन्हे चढण्यापूर्वी, दर आठवड्यास पाच मिनिटांनी. कारण जड कुत्र्यास उष्णतेचा त्रास लवकर होतो.

दुसऱ्या महिन्यात काटा दोन पंधरवडे हलला नाही. आहारात दशांश घट करावी, असा विचार निघाला. पण पशुवैद्यांनी आधी विचारपूस करावयास सांगितले. शोधाअंती कळले की, सकाळच्या फेरीत आजोबा बेकरीवर चहा घेत आणि अर्धा बन मोतीला देत! बन थांबताच वजन पुन्हा उतरू लागले. असे कारण न सापडते, तरच दशांश घट योग्य ठरली असती. आणि त्यानेही वजन न हलते, तर थायरॉइड ग्रंथीची तपासणी करावी लागली असती.

सहा महिन्यांनी मोती 31 किलोंवर आला आहे. बरगड्या आता अलगद हाताला लागतात आणि जिना तो न थांबता चढतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात 48 लॅब्राडोर आयुष्यभर पाहण्यात आले. आपल्या जोडीदारापेक्षा चतुर्थांश कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले. आजींना हे सांगितले, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी पोळीचा अर्धा भाग मोतीपुढे धरला आणि उरलेला अर्धा मुकाट्याने डब्यात ठेवला.