परदेशस्थ सभासद आणि मंडळाचा जमाखर्च

सालाबादप्रमाणे आमच्या मंडळाचा अहवाल परदेशस्थ सभासदांकडे रवाना होत आहे. कार्यक्रमांचे पान सारेच वाचतात. यंदा जमाखर्चाचे पानही वाचावे, ही माझी विनंती.

माझे वडील दरबारी गवई. त्यांचे दोन तंबोरे मंडळाकडे आहेत. त्यांच्या दुरुस्तीसाठी माझ्या एका शिष्याने परदेशातून २५,००० रुपये देऊ केले. आम्हांस ते नाकारावे लागले. त्याने तेथील नागरिकत्व घेतले आहे. विदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्याने अशा व्यक्तीची देणगी विदेशी ठरते, मग देणारा जन्माने मराठी का असेना. ती घ्यावयाची तर संस्थेस केंद्र सरकारची नोंदणी अथवा त्या देणगीपुरती पूर्वपरवानगी लागते. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते. भारतीय नागरिक राहिलेल्या सभासदाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेल्या देणगीस मात्र ही अट नाही.

यंदाच्या योजनांत पूर्वपरवानगीचा अर्ज आहे. तोवर सभासदांनी देणगी पाठविण्यापूर्वी आपले नागरिकत्व कळवावे. तंबोऱ्यांपुढील रकाना अहवालात तूर्त कोराच ठेवला आहे.