सातशे पन्नासचा आकडा

गेल्या रविवारी भाची लॅपटॉप घेऊन आली. नववीतल्या पाच मुलांच्या गटाला अक्षय ऊर्जेवर प्रेझेंटेशन द्यायचं होतं आणि हिच्या वाट्याला सौरऊर्जा आली होती. स्लाइडवर बारा ओळी होत्या. वर मथळा ‘सौरऊर्जेचे फायदे’, आणि सातव्या ओळीत ‘रीवा प्रकल्प, ७५० मेगावॉट’.

“मामा, हे पाठ करते म्हणजे झालं ना?”

मी विचारलं, ७५० मेगावॉट म्हणजे दिवसाला किती वीज? ती गप्प. खरं तर निम्मी मोठी माणसंही इथेच अडकतात. मेगावॉट ही क्षमता असते, प्रत्यक्ष मिळालेली वीज युनिटमध्ये मोजतात. आमच्या गच्चीवरचा एक किलोवॉटचा पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतो, पावसाळ्यात त्याहून कमी. तो चोवीस तास पूर्ण ताकदीने चालला असता तर चोवीस युनिट मिळाले असते. म्हणजे सहावा हिस्सा. त्याच हिशेबाने रीवाचे दिवसाला सुमारे तीस लाख युनिट होतात. तेवढ्याच क्षमतेचं कोळशाचं केंद्र पूर्ण चाललं तर एक कोटी ऐंशी लाख. (तेही रोज पूर्ण चालत नाही, हेही सांगायला हवं.)

मग स्लाइड नव्याने केली. मथळ्यात एक पूर्ण वाक्य: ‘पॅनेलची क्षमता आणि मिळणारी वीज वेगळी असते’. खाली गच्चीचा फोटो आणि दोनच आकडे, २४ आणि ४. रीवा स्लाइडवरून काढून खालच्या नोट्समध्ये टाकला. तिथे तिने स्वतःच्या बोलीत लिहिलं: आधी वर्गाला विचारायचं, ‘तुमच्या मते किती युनिट?’, थांबायचं, मग चारचा आकडा दाखवायचा. मी लिहून दिलेली वाक्यं तिने खोडली, ‘असं कोण बोलतं?’ म्हणून. बरोबरच होतं.

नोट्सची शेवटची ओळ मात्र पुढच्या मुलासाठी. त्याच्याकडे जलविद्युत होती. पाच जण पाच ठिकाणी बसून स्लाइड करतात तेव्हा नेमका हाच सांधा निखळतो. इथे आपलं ओंकारेश्वर कामी आलं. तिथल्या जलाशयावर तरंगते पॅनेल आहेत आणि त्याच धरणावर ५२० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र. तिने लिहिलं, ‘सूर्य मावळला की पॅनेल थांबतात. साठवलेलं पाणी मात्र संध्याकाळीही सोडता येतं. ते कसं, हा सांगेल.’

शाळेत प्रोजेक्टरवर लॅपटॉपचीच स्क्रीन जशीच्या तशी दिसत होती, त्यामुळे नोट्स वेगळ्या दिसायचा प्रश्नच नव्हता. आदल्या रात्री छापायच्या खिडकीत Notes Pages निवडून कागद काढले होते, ते हातात होते.

वर्गातून उत्तर आलं, “वीस युनिट!” बाईंनीही वीसच म्हटलं होतं, असं भाची सांगते.