मांडवातला जयभीम

मेव्हण्याच्या मुलीचा मंगल परिणय कोडोलीला ठरला. वारणानगरहून कोडोली म्हणजे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे न जाण्याला सबबही नव्हती. पत्रिका घरात आली त्या रात्रीच आमच्या मंडळींनी विचारले, "इस्लामपूरचे येणार. तुम्ही काय करणार?"

इस्लामपूरचे म्हणजे माझे थोरले साडू. वाचकहो, आता थोडा हिशोब सांगतो, कारण रागाचे मूळ हिशोबातच आहे. त्यांनी एका पतसंस्थेतून चाळीस हजारांचे कर्ज घेतले, मी जामीन राहिलो. चोवीस हप्त्यांपैकी नऊ त्यांनी भरले आणि हात वर केले. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने कर्जदाराइतकीच असते, हे मी बी. कॉम.च्या पुस्तकात वाचले होते, पण कळले पगाराच्या चिठ्ठीवर. उरलेले पंधरा हप्ते, दरमहा एकोणीसशे, म्हणजे २८,५०० रुपये माझ्या पगारातून गेले. पैशाचे एक वेळ सोडा. चारचौघांत ते म्हणाले, "साडूला पगार हाय, त्याला काय फरक पडतोय?" ते वाक्य अजून गेलेले नाही.

त्यानंतर दोन प्रसंगी आमची गाठ पडली आणि दोन्ही वेळा मी चुकलो. पहिल्यांदा एका नामकरणाला. लोकांना काही कळू नये म्हणून मी मिठीच मारली. "अहो किती दिवसांनी! या की घरी, राहायलाच या!" पुढच्या रविवारी साहेब खरोखर घरी हजर. चहा झाल्यावर पिशवीतून दुसऱ्या कर्जाचा अर्ज काढला. त्यांचे काय चुकले? मीच तोंडाने सांगितले होते की मनात काही नाही. नाही म्हणताना मीच खोटा ठरलो.

दुसऱ्यांदा सासऱ्यांच्या जलदान विधीला. या वेळी मी दुसरे टोक गाठले. ते समोरून आले आणि मी पाठ फिरवून चपला शोधू लागलो. त्यांना काहीच वाटले नसावे. पण सासूबाईंनी पाहिले. नवऱ्याच्या विधीच्या दिवशी त्या बाईने जेवणही सोडून दोन्ही लेकींची समजूत काढत दुपार घालवली. माझा राग साडूवर आणि भुर्दंड सासूबाईंना.

म्हणून या वेळी मी आधी विचार करून गेलो. पंचशिलातले चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे. मंगल परिणयात आपण ते सगळ्यांसह मोठ्याने म्हणतो आणि खाली बसल्या बसल्या शेजाऱ्याला "तुम्हाला बघून फार आनंद झाला" असे खोटे सांगतो. पण खरे बोलायचे म्हणजे तोंडावर राग ओकायचा, असेही नाही. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात मनातला आकस घालवण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत. ज्याच्याविषयी आकस आहे त्याच्याविषयी मैत्री ठेवावी, करुणा ठेवावी, उपेक्षा म्हणजे समभाव ठेवावा, किंवा त्याच्याकडे लक्षच देऊ नये, किंवा त्याचे कर्म त्याच्यापाशी हे ध्यानात घ्यावे. मला यात दिलासा वाटतो तो असा, की पाचांपैकी एकही मार्ग गळ्यात पडायला सांगत नाही. मैत्री म्हणजे सुद्धा त्याचे वाईट न चिंतणे, लाड करणे नव्हे.

आणि आपल्या हाती अभिवादनाचा शब्दही तसाच आहे. आपल्या आज्या-पणज्यांना गावात जोहार घालावा लागे. त्यात वाकणे होते, समोरचा मोठा आणि आपण लहान हे कबूल करणे होते. 'जयभीम' रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना दिले जाते. हा शब्द मालकाला आणि मजुराला, थोरल्याला आणि धाकट्याला सारखाच. त्यात "तुम्ही मला प्रिय आहात" असे कुठेच नाही. साडूला जयभीम घातला म्हणून मी काही खोटे बोललो असे होत नाही.

कोडोलीच्या हॉलवर मी लवकर गेलो. कारण असे की उशिरा गेले की समोरचा चारपाच जणांत बसलेला असतो, मग सगळे आपल्याकडे बघतात आणि भेटीचे नाटक होते. दारातच उभा राहिलो. ते आले तसा मीच दोन पावले पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, "जयभीम. प्रवास बरा झाला का?"

"झाला की. एसटीला गर्दी हुती म्हणून मोटारसायकलच काढली."

"अक्कांचा गुडघा कसा आहे?"

हा प्रश्न मी घरीच ठरवून आणला होता. मेव्हणीच्या गुडघ्याची मला खरोखर काळजी आहे. विचारायचे तर ज्याचे उत्तर खरेच ऐकायचे आहे तेच विचारावे, म्हणजे आवाज आपोआप नीट लागतो. "काय म्हणता, कसं चाललंय" असे मोघम विचारले की आवाजात एक तर साखर उतरते, नाही तर करवत.

ते गुडघ्याचे सांगत होते तोवर मी उभा राहिलो. मग म्हणालो, "आत बसा, पाणी ठेवलंय. मी जरा वाढप्यांकडं बघतो." तिथे माझ्याकडे खरेच काम होते, मेव्हण्याकडून मागून घेतले होते. कामाशिवाय निघून गेले की ते तोडल्यासारखे दिसते.

अवघड वेळ पुढे आली. वधूवरांनी त्रिशरण-पंचशील घेतले, बौद्धाचार्यांनी विधी पुरा केला आणि फोटो सुरू झाले. कोणीतरी ओरडले, "साडू-साडू गळ्यात हात टाका की!" मी ओळीच्या या टोकाला उभा राहिलो, ते त्या टोकाला. फोटो निघाला. नात्याने आम्ही त्या ओळीतलेच, तेवढे खरे आहे.

पंगतीआधी त्यांनी मला कोपऱ्यात गाठले. "अजून रागच हाय व्हय मनात?"

जुना मी असतो तर "छे छे" म्हटले असते, किंवा २८,५०० चा आकडा तिथेच मांडला असता. म्हणालो, "आहे. पण आज पोरीचा दिवस आहे. पुढच्या रविवारी फोन करा, बसून बोलू." त्यांनी मान हलवली.

एक सांगायला हवे. हे सगळे पैशाच्या, मानापमानाच्या, वाटणीच्या रागापुरते. ज्या नातेवाइकाने घरातल्या बाईवर हात टाकला, लेकराला त्रास दिला, त्याला जयभीम घालण्याचे बंधन त्या बाईवर वा लेकरावर नाही. "मोठे आहेत, नमस्कार कर" म्हणून मुलीला पुढे ढकलणाऱ्या आयांनी आधी तिच्या तोंडाकडे बघावे. अशा वेळी तिच्यासोबत दुसऱ्या दाराने जाणारे कोणी हवे.

संध्याकाळी ते निघाले. फाटकात पुन्हा हात जोडले, त्यांनीही जोडले. घरी या म्हणालो नाही. सासूबाई ओट्यावर बसून पानाला चुना लावत होत्या, त्यांनी आमच्याकडे वर बघितलेही नाही.

वाटेत आमच्या मंडळींनी विचारले, "काय म्हणाले?"

"अक्कांना गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय म्हणाले."

"अगं बाई, मला बोलली नाही ती," म्हणत तिने पर्समधला मोबाईल काढला.