‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’ लिहून पायताण विकणाऱ्यांसाठी

चप्पल लाईनीत गिऱ्हाईक पायताण पायात घालून, चार पावलं चालून मगच पैसे देतं. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर ही सोय नाही. म्हणून आपली बरीच पोरं बायोमध्येच लिहून टाकतात, ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’.

त्यांची अडचण मी ऐकून आहे. “लोक लग्नात घालून मिरवतात आणि मग परत पाठवतात ओ!” हे खरंच घडतं. पण ती ओळ त्यांना वाचवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. म्हणजे काहीच न लिहिणारा उलट जास्त दिवस अडकतो.

माझं म्हणणं एवढंच की दोन गोष्टी वेगळ्या लिहा. चूक तुमची असेल, म्हणजे अंगठा उसवलेला, रंग फोटोपेक्षा वेगळा, नऊऐवजी आठ नंबर गेला, तर जाण्यायेण्याचा सगळा खर्च तुमचा. बदली नग नसेल तर पूर्ण पैसे परत. माप गिऱ्हाइकाचं चुकलं असेल, तर सात दिवसांत एकदा बदली, कुरिअर त्याचं.

समजा चप्पल १,२०० रुपयांची, कुरिअर एका फेरीला ८०. आठ नंबर मागवणाऱ्याला नऊ हवा असेल, तर परत येण्याचे ८० आणि नवीन जोड जाण्याचे ८०, असे १६० त्यानं द्यायचे. हा आकडा ऑर्डर घेण्याआधीच सांगा. नंतर सांगितला की भांडण ठरलेलं.

त्याहून चांगलं म्हणजे माप चुकूच देऊ नका. नंबर विचारू नका. दोन्ही पाय कागदावर ठेवून टाचेपासून लांब बोटापर्यंतचं माप सेंटीमीटरमध्ये मागवा आणि मोठा पाय धरा. हेही लिहा की नवी कोल्हापुरी पट्ट्याला घट्ट लागते, वापरानं सैल होते, पण लांबी वाढत नाही. ‘घट्ट आहे’ म्हणून येणारे बरेच फोन इथंच थांबतील.

आणि मिरवून परत पाठवणारे? चामड्याचा तळ खोटं बोलत नाही. रस्त्यावर दहा पावलं टाकली तरी घासल्याची खूण पडते. म्हणून पाठवताना दोन्ही तळांचा फोटो ऑर्डर नंबरसह काढून गिऱ्हाइकालाही पाठवा. नियमात लिहा, ‘घरात चटईवर घालून बघा. तळ घासलेला असेल तर माप बदलून मिळणार नाही.’ पण शिवण चार दिवसांत उसवली, तर घासलेल्या तळाकडं बोट दाखवू नका. तो दोष तुमचाच.

पायमापावर खास बनवून घेतलेला जोड बदलून मिळणार नसेल, तर ॲडव्हान्स घेण्याआधी सांगा. कागदावरच्या मापाप्रमाणे तो झाला नसेल, तर मात्र जबाबदारी तुमची.

हे सगळं साध्या मराठीत, सहा-सात ओळींत बसतं. गिऱ्हाइकानं पैसे पाठवण्याआधी ते त्याच्या चॅटमध्ये गेलं पाहिजे. उद्या वाद झालाच, तर तुमच्या बाजूनं तोच कागद बोलेल.