'आजवर कोणी लिहिले नाही' म्हणजे उणीव नव्हे : प्रबंधाच्या प्रस्तावनेबद्दल थोडे कडू



मागच्या महिन्यात तामलवाडीत आम्ही एका मुलीचा एम.ए.चा लघुप्रबंध वाचायला बसलो. विषय होता तुळजापूर तालुक्यातील गायरान जमीन कसणारी बौद्ध आणि मातंग कुटुंबे. तिचे स्वतःचे घर त्यातलेच. प्रस्तावना अकरा पानांची होती. पहिली चार पाने वेदकाळ ते मनुस्मृती, मग दोन पाने बाबासाहेबांचे चरित्र, मग निजामाची राजवट, मग 'भारत हा कृषिप्रधान देश आहे'. गायरान हा शब्द पहिल्यांदा आला तो आठव्या पानावर. आणि शेवटी लिहिले होते : 'या विषयावर तामलवाडी परिसरात आजवर संशोधन झालेले नाही, म्हणून हा विषय निवडला.'

पोरगी हुशार आहे आणि चूक तिची एकटीची नाही. ग्रंथालयातले मागचे प्रबंध असेच असतात, मार्गदर्शक सही करतात आणि आपणही टाळ्या वाजवतो. तोंडी परीक्षेत मात्र कोणीतरी म्हणतो, 'हे भावनिक आहे, चळवळीचे पत्रक आहे.' आम्ही चिडतो, जातीयवाद म्हणतो. तो असतोही. पण त्याच्या हातात काठी आपणच देतो, हे कधीतरी कबूल करायला हवे.

आपल्यातले काही कार्यकर्ते सांगतात की संदर्भ, उणीव, उद्दिष्ट, प्रकरणांची रूपरेषा हा प्रस्थापितांचा साचा आहे, आपला अनुभव हाच पुरावा. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. बाबासाहेबांनी काय केले ते पाहिले का?

लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली ग्रंथरूपाने आला. त्याच्या सुरुवातीच्या निवेदनात ते काय करतात ते क्रमाने बघा. आधी एका दमात सांगतात की पुस्तक कशाबद्दल आहे : विनिमय परिमाण कसे आले आणि त्याचा सैद्धांतिक पाया किती पक्का आहे. मग सांगतात की इतरांनी सविस्तर लिहिलेले ते पुन्हा लिहिणार नाहीत. मग इतर लेखकांचे नेमके कमी कुठे पडले ते दाखवतात : १८९३ च्या चलन सुधारणा ज्या परिस्थितीतून आल्या, तिची पुरेशी कल्पना कोणीच दिलेली नाही, म्हणून १८०० ते १८९३ हा दुर्लक्षित काळ ते तपासतात.

इथेच ते थांबले असते तर ती आपल्यासारखीच उणीव झाली असती, 'या काळावर कोणी लिहिले नाही' अशी. ते पुढची पायरी चढतात. गोष्ट मधूनच सुरू केल्यामुळे लोकांचा चुकीचा समज झाला आहे की सरकारच्या मनात पहिल्यापासून हेच परिमाण होते, असे ते दाखवतात. म्हणजे मोकळ्या जागेमुळे एक खोटी समजूत उभी आहे, आणि ती पाडायची आहे. विनिमय परिमाणाच्या बाजूने तेव्हा केन्ससारखा अर्थतज्ज्ञ उभा होता. त्याच्याविरुद्ध उभे राहायला बाबासाहेबांनी घोषणा वापरली नाही, क्रम वापरला. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना आपले मतभेद नोंदवले, पण पुस्तक पत्रक म्हणून बाजूला टाकता आले नाही.

हीच कसोटी आम्ही गायरानाला लावली. तिला विचारले, 'बाई, तहसीलमध्ये तुझ्या वडिलांना काय म्हणतात?' ती म्हणाली, 'अतिक्रमणदार.' 'कधीपासूनचा हिशेब धरून?' ती गप्प झाली. मग तारखा मांडल्या. हल्लीची बहुतेक चर्चा २०११ पासून सुरू होते. त्या वर्षी २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला आणि १२ जुलैला महाराष्ट्र शासनाचा गायराने मोकळी ठेवण्याचा निर्णय. पण त्याआधी २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, ज्याने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. त्याच्याही मागे दादासाहेब गायकवाडांचा १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आहे. खुद्द जगपाल सिंग निकालातही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवाद ठेवलेला आहे. गोष्ट २०११ पासून सांगितली तर वडील अतिक्रमणदार ठरतात. १९९१ पासून सांगितली तर ते दावेदार ठरतात. उणीव ती ही.

मग प्रस्तावना तीन पानांत बसली. पहिला परिच्छेद मराठवाड्यातील भूमिहीनता आणि गायरानाचा, वेदकाळ नाही. संदर्भ व्यापक असावा, पण विषयाचा शब्द पहिल्याच पानावर यावा. दुसरा परिच्छेद वर दिलेल्या तारखांचा. तिसरा उणिवेचा, तो तिने असा लिहिला : 'वाचलेल्या साहित्यात सत्याग्रह आणि न्यायनिर्णय यांची चर्चा आढळते, मात्र १९९० पूर्वीचा ताबा सिद्ध करण्यासाठी कुटुंबांकडे कोणती कागदपत्रे होती आणि ती का अमान्य झाली, याची चर्चा आढळली नाही. परिणामी नियमित न झालेला ताबा म्हणजे खोटा ताबा, असे गृहीत धरले जाते.' 'संशोधन झालेले नाही' असे ती म्हणत नाही, 'वाचलेल्यात आढळले नाही' म्हणते. पहिले वाक्य एका जुन्या प्रबंधाने खोटे पडते, दुसरे टिकते.

उद्दिष्टावर सर्वात जास्त भांडण झाले. तिने लिहिले होते, 'समाजात जनजागृती करणे व न्याय मिळवून देणे.' ते आमचे काम आहे, प्रबंधाचे नाही. प्रबंधाचे उद्दिष्ट असे हवे की शेवटी झाले की नाही हे तपासता येईल. नवे उद्दिष्ट झाले : निवडलेल्या कुटुंबांकडील दंडाच्या पावत्या आणि पंचनामे गाव नमुना १-ई मधील नोंदींशी ताडून पाहणे, आणि दावे कोणत्या टप्प्यावर अडले ते शोधणे.

रूपरेषा मग आपोआप आली. दुसरे प्रकरण कायदा आणि चळवळीचा क्रम, तिसरे पद्धती, चौथे कागदपत्रांची ताडणी, पाचवे कुटुंबांच्या मुलाखती, सहावे निष्कर्ष. इथे एक तपासणी करा. उद्दिष्टाचा प्रत्येक तुकडा कोणत्या प्रकरणात पुरा होतो, ते बोट ठेवून दाखवा. तिच्या जुन्या रूपरेषेत 'बाबासाहेबांचे विचार' हे स्वतंत्र प्रकरण होते आणि कोणत्याच उद्दिष्टाशी त्याचा सांधा नव्हता. ते काढताना तिला अपराधी वाटले. आम्ही म्हणालो, बाबासाहेब प्रकरणाच्या नावात नकोत, उणीव मांडण्याच्या रीतीत हवेत.

या पद्धतीला मर्यादा आहे. कागद ताडल्यावर काही दावे खरेच १९९० नंतरचे निघतील. तेही लिहावे लागेल, आणि त्या दिवशी प्रस्तावना पुन्हा लिहावी लागेल. प्रस्तावना पहिल्यांदा लिहिली जाते ती कच्ची. पक्की होते ती निष्कर्षानंतर. जो हे टाळून सोयीचे तेवढे ठेवतो, तो वडिलांचा दावाही पुढच्या वकिलाच्या हातात कमजोर करून देतो.

तेव्हा मित्रांनो, पुढचा प्रबंध हातात घेताना पहिली चार पाने फाडा आणि विचारा : गोष्ट कुठून सुरू केल्यामुळे आपला माणूस गुन्हेगार ठरतो आहे? तिथून मागे जा. तुमची उणीव तिथे सापडेल.

जय भीम!