बाळाला झोप लागायला किती मिनिटं लागावीत?

'आमचं बाळ गुणी आहे, पाठ टेकली की झोपतं' हे कौतुक आणि 'याला झोपवायला तास लागतो, फार हट्टी आहे' ही तक्रार. दोन्ही वाक्यं घराघरांत सारख्याच सहजपणे ऐकू येतात आणि दोन्हींमध्ये झोप लागण्याचा वेळ हा बाळाचा स्वभाव मानलेला असतो. प्रत्यक्षात ही मिनिटं स्वभावाबद्दल फारसं काही सांगत नाहीत. बाळ त्याआधी किती वेळ जागं होतं आणि त्याला कोणत्या वेळी अंथरुणावर टाकलं, हे मात्र ती बऱ्यापैकी सांगतात.

मग किती वेळ ठीक?

तीन-चार महिन्यांपुढच्या बाळाला दिवा मालवल्यापासून झोप लागेपर्यंत साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात. कधी पाच, कधी तीस मिनिटं लागली तरी बिघडत नाही. हा अनुभवावर बेतलेला अंदाज आहे, ताप मोजताना असते तशी ही रेषा नव्हे. 'पाच मिनिटांच्या आत झोप लागली तर झोप अपुरी' हा इंटरनेटवर फिरणारा नियम मुळात मोठ्या माणसांचा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७०च्या दशकात दिवसाची पेंग मोजण्याची एक चाचणी तयार झाली. तीत माणसाला दिवसा दर दोन तासांनी झोपायला सांगतात आणि झोप किती मिनिटांत लागते ते मेंदूच्या आलेखावर पाहतात. दिवसातून दोन-तीनदा झोपणाऱ्या सहा महिन्यांच्या बाळाला तो हिशेब लागू पडत नाही.

अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये ४ ते १२ महिन्यांच्या बाळांसाठी दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप सुचवली, ती एकूण तासांबद्दल आहे. संशोधक आवी सादेह यांची २००४ची प्रश्नावली बाळांच्या झोपेच्या अभ्यासात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत झोप लागायला किती वेळ लागतो हे विचारलं आहे, पण झोप बिघडली आहे हे ठरवण्याच्या तिच्या निकषांत ते उत्तर धरलेलं नाही. रात्री तीनपेक्षा जास्त वेळा उठणं, रात्री तासाहून अधिक काळ जागं राहणं आणि एकूण झोप नऊ तासांपेक्षा कमी असणं हे ते निकष आहेत. सुटी मिनिटं किती कमी सांगतात, हे यावरून लक्षात यावं.

झोप लागते ती दोन कारणांनी

पहिलं कारण म्हणजे झोपेची भूक. जागेपणी ती वाढत जाते, झोपेत भागते. बाळात ती मोठ्यांपेक्षा फार लवकर वाढते, म्हणून त्याला दिवसा डुलक्या लागतात. दुसरं कारण शरीराचं घड्याळ. ते रात्र झाल्याचं सांगतं आणि गंमत म्हणजे नेहमीच्या झोपेच्या थोडं आधी ते उलट जागेपण वाढवतं. संध्याकाळी पेंगणारं मूल आठ वाजता अचानक तरतरीत होऊन खेळू लागतं, ते यामुळे. भूक आणि घड्याळ एकाच वेळी 'झोप' म्हणाले की दहा-वीस मिनिटांत काम होतं. दोघांचं जुळलं नाही की तासभर ओढाताण.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे घड्याळ बसलेलंच नसतं, त्यामुळे तेव्हा मिनिटं मोजण्यात अर्थ नाही. शिवाय नवजात बाळ झोपेत शिरतं ते चुळबुळीच्या झोपेतून. पापण्या फडफडतात, हात हलतात, ओठांवर हसू येतं. सटवाई हसवते म्हणतात ते हेच. अनेक आईवडील ही चुळबुळ पाहून 'अजून झोपलं नाही' म्हणून बाळाला पुन्हा उचलतात आणि झोपलेल्या बाळाला खरोखर जागं करतात.

तासभर लागतो, तेव्हा काय पाहायचं?

आठ महिन्यांच्या एका बाळाचा दिवस पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण बालरोगतज्ज्ञांना नवं नाही. बाळ सकाळी साडेसहाला उठतं. नऊ ते दहा, साडेबारा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते पावणेसहा अशा तीन झोपा घेतं. आईने मोबाइलवरच्या तक्त्यात 'झोपेची वेळ सात ते साडेसात' असं वाचलं आहे, म्हणून साडेसातला दिवा बंद होतो. बाळ लोळतं, उठून बसतं, रडतं आणि रोज पावणेनऊच्या आसपास झोपतं. म्हणजे सव्वा तास.

आता उलटं मोजा. शेवटची डुलकी पावणेसहाला संपली, म्हणजे साडेसातला बाळ जेमतेम पावणेदोन तास जागं होतं. या वयाची बहुतेक बाळं संध्याकाळी अडीच ते साडेतीन तास सहज जागी राहतात. पावणेनऊला तीन तास भरतात आणि तेव्हाच ते झोपतं. त्याची एकूण झोप रात्रीची पावणेदहा तास आणि दिवसाची सव्वातीन, अशी तेरा तास भरते. म्हणजे झोपेत काही बिघाड नाही. चुकलेली आहे ती दिवा मालवायची वेळ.

'झोप आली की झोपेल, कशाला मागे लागतेस?' असं सासूबाई म्हणत असतील, तर त्या अर्ध्या बरोबर आहेत. उरलेला अर्धा भाग असा की दिवा-टीव्ही चालू असलेल्या घरात ही वेळ सरकत साडेदहापर्यंत जाते. त्यामुळे उपाय आधी वेळ पुढे नेण्याचा, मग मागे आणण्याचा. चार-पाच दिवस सव्वाआठला पुसून, कपडे बदलून, दूध पाजून साडेआठला अंधार करायचा. सकाळी साडेसहानंतर झोपू द्यायचं नाही, नाहीतर हिशेब पुन्हा सरकतो. बाळ पंधरा-वीस मिनिटांत झोपू लागलं आणि घराला आणखी लवकरची वेळ हवी असेल, तर संध्याकाळची डुलकी आधी संपवायची आणि दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे यायचं. तिसरी डुलकी बंद झाली की हे आपोआप सोपं होतं, आणि त्याचं वय जवळ आलेलंच असतं.

तक्त्यातली सातची वेळ सर्वांना लागू नाही, याचा पुरावाही आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ देशांच्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, बाळांची झोपायची सरासरी वेळ न्यूझीलंडमध्ये साडेसातच्या सुमारास, तर हाँगकाँगमध्ये सव्वादहाच्या सुमारास आढळली. बाबा नऊला लोकलने घरी पोहोचतात, त्या घराने न्यूझीलंडची वेळ पाळण्याचा हट्ट का धरावा?

आणि दोन मिनिटांत झोपलं तर?

आधी घड्याळ कुठून सुरू केलं ते पाहावं. बाळ छातीशी पीत पीत पेंगलं, झोळीत दहा मिनिटं हललं आणि मग गादीवर ठेवल्यावर 'लगेच झोपलं', तर ते आधीच झोपलेलं होतं. रिक्षात झोपलेल्या बाळाचीही तीच गोष्ट. ही झोप सुरुवातीला पातळ असते. जपानमधल्या रायकेन संस्थेच्या २०२२च्या एका लहान अभ्यासात बाळ कडेवर झोपल्यानंतर पाच ते आठ मिनिटं तसंच धरून बसलं, तर खाली ठेवताना जागं होण्याचं प्रमाण कमी दिसलं. झोपल्या झोपल्या गादीवर ठेवण्याची घाई बऱ्याचदा नडते, ती म्हणून.

अंधारात जागं ठेवलं आणि खरोखरच दोन-तीन मिनिटांत रोज झोप लागते, तर झोपेची भूक जास्त साठली आहे, एवढाच अर्थ निघतो. दुपारनंतर बाळ किरकिरं असेल, दूध पिताना अर्ध्यातच पेंगत असेल, सकाळी ओढून उठवावं लागत असेल, तर एकूण झोप कमी पडते आहे. मग अंथरुणाची वेळ वीस-तीस मिनिटं अलीकडे आणून आठवडाभर पाहावं. पण बाळ दिवसभर हसतं-खेळतं असेल आणि तास पुरेसे भरत असतील, तर दोन मिनिटांची काळजी नको. 'अति थकल्याने शरीरात ताणाचं रसायन वाढतं आणि म्हणून बाळ झोपत नाही' असं ठामपणे सांगितलं जातं. त्यामागचा पुरावा तितका ठाम नाही. थकलेलं बाळ चिडतं हे खरं, पण प्रत्येक रडण्याला 'ओव्हरटायर्ड'ची चिठ्ठी लावण्याची घाई नको.

लवकर झोपणं म्हणजे चांगलं बाळ, या समजाने एकेकाळी मोठं नुकसान केलं आहे. १९२०च्या दशकात मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया दिवसभर मूल झोपून राहावं म्हणून अफूची गोळी देत. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. आज अफू गेली, पण गुटीतलं जास्तीचं जायफळ आणि झोप येते म्हणून दिलेलं सर्दीचं औषध अजून आहे. डॉक्टरांना न विचारता यातलं काहीही देऊ नये.

डॉक्टरकडे कधी?

सगळ्यात तातडीची बाब नवजात बाळाची. पहिल्या काही आठवड्यांत 'फार शहाणं, सारखं झोपतं' असं वाटणारं बाळ काविळीने, कमी दुधाने किंवा जंतुसंसर्गाने सुस्त झालेलं असू शकतं. त्याने दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा प्यायला हवं आणि पाचव्या दिवसानंतर किमान सहा वेळा शू करायला हवी. प्यायला उठवूनही उठत नसेल, अंग लुळं वाटत असेल, पिवळेपणा वाढत असेल किंवा तीन महिन्यांआतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नये. याआधी टुणटुणीत असलेलं मोठं बाळ एकाएकी गुंगीत राहू लागलं, तरी तेच.

उशिरा झोपणाऱ्या बाळाचं कारण वेळ सुधारूनही तीन-चार आठवड्यांत सुटलं नाही, तर शरीरात शोधावं. आडवं केल्यावर रडणं कानदुखीचं असू शकतं, रात्री खाजवणं त्वचेच्या कोरडेपणाचं, रोजचं घोरणं नाकामागच्या गाठींचं. एक कारण मात्र सहज निसटतं, ते म्हणजे लोहाची कमतरता. अशी मुलं झोपताना पाय घासत राहतात, सतत कूस बदलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७ टक्के भारतीय मुलांत रक्तक्षय आढळला होता. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप देण्याची सरकारी योजना आहे, ते अंगणवाडी किंवा आशा कार्यकर्तीकडे विचारता येतं. डॉक्टरकडे जाताना सात दिवसांची साधी नोंद न्यावी: दिवा किती वाजता मालवला, श्वास संथ होऊन हात सैल केव्हा पडला, शेवटची डुलकी केव्हा संपली आणि सकाळी उठलं केव्हा.